विसर्जनाची नवी सूचना

१९६७ साली शालिकराम गुरुजी वॉर्डाच्या गणेश समितीचे सचिव होते. विसर्जनाच्या आठ दिवस आधी त्यांनी सूचना लिहून छापून घेतली आणि घरोघर वाटली. मिरवणूक दुपारी दोनला निघेल. ट्रकांना वाट राहावी म्हणून सगळ्यांनी डाव्या अंगाने चालावे. दहा वर्षांखालची मुले रेल्वे फाटकापर्यंतच येतील. तिथे आयांनी त्यांना ताब्यात घ्यावे. वैनगंगेच्या घाटावर मूल येणार नाही.

ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना गुरुजींनी स्वतः वाचून दाखवलं. त्यांत विमलाबाई होती. नवरा गेल्यापासून विड्या वळायची. सात वर्षांची अंजना तिची एकुलती एक लेक.

विसर्जनाच्या सकाळी गुरुजींना ठाण्यात बोलावलं. दुपारी फाटकावर मालगाडी उभी राहणार होती. मिरवणूक मोठ्या सडकेने न्या आणि तासभर आधी काढा, असं ठाणेदाराने सांगितलं. गुरुजींनी तिथेच बाकावर बसून नवा रस्ता, नवी वेळ, ट्रक कुठे थांबतील, सगळं लिहिलं. टांगेवाल्या बाबूलालने टांग्यावर भोंगा बांधून ते हिंदी-मराठीत वॉर्डभर पुकारलं.

नव्या रस्त्यात फाटक लागत नव्हतं. मग मुलं कुठे थांबवायची, हे लिहायचं राहून गेलं. कागद ठाणेदाराने वाचला, समितीतल्या चौघांनी वाचला. कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मिरवणूक एकला निघाली. गुरुजी ट्रकवाल्यांना थांबवत मागे राहिले. घाटावर पोचले तेव्हा आरती चालली होती आणि पायऱ्यांवर वीस-पंचवीस मुलं गुलालाने माखून उभी होती. गुरुजी एकेकाला वर ओढू लागले. तेवढ्यात मूर्ती उचलली, गर्दी पुढे सरकली, आणि खालच्या पायरीवरची अंजना पाण्यात गेली. नदी भरून वाहत होती. नदीत मासे धरणाऱ्या ढीमरांनी डोंगे घालून शोधलं. पोर दुसऱ्या दिवशी कोसभर खाली सापडली.

पंचनाम्यात आईचं लक्ष नव्हतं असं लिहिलं गेलं. चूक माझी आहे, असं गुरुजींनी ठाणेदाराला सांगून पाहिलं. अशी चूक लिहायला कागदात जागा नसते, असं तो म्हणाला.

तेराव्यानंतर विमलाबाई गुरुजींच्या दारात आली. बसली नाही.

"गुरुजी, भोंग्यावरच्या सांगण्यात लेकरायचं काय होतं?"

"काहीच नव्हतं. माझ्याकडून राहिलं."

"हौ. मीबी ध्यान देऊन आयकलं होतं. लेकरायचं काही नाही, म्हून मले वाटलं पयलचंच कायम हाय. लेकरं फाटकावर आणून देतीन म्हून मी तिथंच उभी होती. मालगाडी हालेपर्यंत उभी होती."

एवढं सांगून ती निघून गेली. त्याच आठवड्यात भाऊ तिला कटंगीला घेऊन गेला. गुरुजींनी समिती सोडली, पण काहून सोडली, हे कोणी विचारलं नाही.