गाळलेलं वाक्य

पंपाच्या कारखान्यात शिकाऊ प्लॅनर हवा होता. कच्चा माल कधी आणि किती मागवायचा, कुठला भाग किती शिल्लक ठेवायचा, हे ठरवण्याचं काम. जाहिरातीत म्हटलं होतं, अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा. निकाल लागून महिना झालेली मनी तीन दिवस त्या एका पानावर बसून होती.

सांगण्यासारखं तिच्याकडे एकच होतं. शेवटच्या सत्रात तिने एका छोट्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात दोन महिने काम केलं होतं. तिथे रबरी सील संपले की असेंब्ली थांबायची. कॉम्प्युटरमध्ये सील यायला एकवीस दिवस लागतात असं लिहिलेलं, रोजचा खप चाळीस. त्यामुळे आठशेचाळीस उरले की ऑर्डर जायची. स्टोअर सांभाळणारे काका ओरडून सांगायचे, "अहो, एकवीस दिवसांत कधी आलाय माल? आत्ताच मागवा!" खरेदीवाले हसण्यावारी न्यायचे. काकांच्या वहीत प्रत्येक माल प्रत्यक्ष आल्याची तारीख होती. मनीने ती वही मांडून पाहिली. सरासरी सव्वीस दिवस, जास्तीत जास्त चौतीस. तेराशेसाठ उरले की ऑर्डर द्यायची, असं ठरलं आणि असेंब्ली थांबायची बंद झाली.

पत्राच्या कच्च्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं, 'हे सगळं स्टोअरच्या काकांना आधीच ठाऊक होतं. मी फक्त त्यांची वही आकड्यांत मांडली.'

दादाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "नोकरी तुला हवीय की काकांना? स्वतःचं सांग की जरा."

तिने ते वाक्य गाळलं. जागा रिकामी वाटली म्हणून दुसरं घातलं: 'तिथला साठा अंदाजावर चालत होता, मी तो आकड्यांवर आणला.' वाक्य कसं खणखणीत वाजत होतं. तिने अर्ज पाठवून दिला.

मुलाखतीला प्लॅनिंगच्या मॅडम होत्या. त्यांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे व्हॉल्व्हवाले आम्हालाच माल देतात. स्टोअर अंदाजावर चालतं म्हणता?"

खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. "हो," मनी म्हणाली. "म्हणजे... तेव्हा चालायचं."

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. आठवड्याने मनीला नोकरी लागली. घरी सगळे खूश, दादा तर हवेतच होता.

चौथ्या महिन्यात पुरवठादारांच्या पाहणीला मॅडम तिला बरोबर घेऊन गेल्या. व्हॉल्व्हच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत एक नवाच माणूस बसला होता. "काका? त्यांना पॅकिंगला टाकलं," तो म्हणाला. "तुमच्याच कंपनीचं पत्र आलं होतं ना, स्टोअरमध्ये शिस्त आणा म्हणून."

काका खोक्यांना पट्ट्या ओढत होते. तिला पाहताच त्यांनी हात पुसले. "अगं, तू! लागलीस ना तिथे? छान झालं. दोन महिन्यांतच कळलं होतं मला, पोरगी हुशार आहे."

"काका, ते पत्र माझ्यामुळे आलं," मनीने सांगून टाकलं. "मी लिहिलं होतं की इथे सगळं अंदाजावर चालतं."

काकांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. "खोटं नाही लिहिलंस. अंदाजच होता. एकोणीस वर्षं लागली बसवायला, एवढंच." आणि पट्टी ओढत, "जा, मॅडम खोळंबल्या असतील."

परतीच्या वाटेवर तिने मॅडमना सगळं सांगितलं. "हे मुलाखतीत सांगितलं असतंस, तरी मी तुला घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "कदाचित त्याचसाठी घेतलं असतं."

काकांना स्टोअरला परत घ्या म्हणून मॅडमनी व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या मालकांना लिहिलं. मालकांचं उत्तर गोड होतं: सूचनेबद्दल आभार, पण बदल आता झालेला आहे आणि काकांना निवृत्तीला वर्षच उरलं आहे. मनी एका सुट्टीच्या दिवशी काकांच्या घरीही जाऊन आली. त्यांनी चहा दिला, कामाबद्दल विचारलं, पण स्टोअरचा विषय काढू दिला नाही.

पुढच्या तिमाहीत तिकडचे व्हॉल्व्ह दोनदा उशिरा आले. नव्या माणसाने सीलचे दिवस कागदाप्रमाणे पुन्हा एकवीस केले होते. मनीने फोन करून ते दुरुस्त करायला सांगितलं. "बघतो," एवढंच उत्तर आलं. मग तिने आपल्या बाजूला व्हॉल्व्हचा राखीव साठा वाढवला. कॉम्प्युटरवर कारणाच्या रकान्यात दिलेल्या यादीतूनच निवडायचं होतं, खरं कारण लिहायला जागा नव्हती. तिने 'पुरवठा अनिश्चित' निवडलं, क्षणभर त्याकडे पाहिलं आणि पान जतन केलं.