भाजीखालची भाकरी

महानंदाच्या घरी दुपारचं जेवण आधी फोन जेवायचा, मग तिचे सासरे आप्पा. ताट वाढून झालं की तिनं ते खिडकीजवळ न्यायचं, वरून फोटो काढायचा आणि लातूरला नणंदेला, वैजयंतीला, पाठवायचा. उत्तर येईपर्यंत आप्पा पाटावर हात आवरून बसत. मानवतच्या मोंढ्यात उभी हयात काढलेले, अख्ख्या बाजाराला भाव सांगणारे चंद्रप्पा स्वतःच्या भाकरीसाठी लेकीच्या होकाराची वाट बघायचे. महानंदाला हे बघवत नसे.

वैजयंती वाईट नव्हती. बापाची साखर फार वाढली तेव्हा ती परभणीला आहाराच्या बाईंकडे जाऊन नीट शिकून आली होती. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्यात एक हिस्सा घट्ट वरण किंवा उसळ, एक हिस्सा भाकरी आणि भात मिळून. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताच्या बाजूला. एवढं सोपं होतं, आणि खरंही होतं. फक्त वैजयंतीला वाटे की जे फोटोत दिसतं तेच पोटात जातं.

आप्पा जुन्या वळणाचे. लिंगपूजा झाल्याशिवाय घास नाही आणि ताटात आलेला प्रसाद टाकायचा नाही. वर मागायचाही नाही, असा त्यांचा स्वतःचा एक हट्ट. सुरुवातीला त्या मापाच्या ताटावर ते जेवले, की उठताना भिंतीला हात लावत. दुपारभर पाणी पीत. एकदा महानंदानं त्यांना देवघरातल्या नैवेद्याच्या केळ्याकडे बघताना पाहिलं. नुसतं बघत होते. त्या दिवशी तिला फोन करून सांगता आलं असतं, की आक्का, आप्पांचं भागत नाही, डॉक्टरांना विचारून माप बदलूया. पण आक्कापुढं तोंड उघडणं म्हणजे गाढवापुढं वाचली गीता, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि स्वतःची शक्कल चालवली.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटात आधी एक ज्वारीची भाकरी दुमडून ठेवली आणि तिच्यावर मेथीची भाजी पसरली; नेहमीची अर्धी भाकरी शेजारी उघडी ठेवली. भात वाटीत दाबून, ठेचून भरला आणि मूद पालथी घातली. दिसायला अर्धी भाकरी, एक मूद, वरण आणि हिरवीगार भाजी. वरून काढलेल्या फोटोत उंची दिसत नाही, आणि भाजीखालचं तर देवालाही दिसत नाही. लातूरहून अंगठा आला. आप्पांनी भाजीचा घास घेतला, बोटांना भाकरी लागली. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. मुकाट्यानं सगळं संपवलं आणि त्या दिवशी भिंतीला हात न लावता उठले.

मग तो रोजचाच रिवाज झाला.

तपासणीचा दिवस आला तेव्हा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. जेवणानंतरची साखर चढली होती, तीन महिन्यांची सरासरीही. वैजयंती फोनवर होती. तिनं सगळे फोटो डॉक्टरांना पाठवले होते.

"जेवण तर बरोबर दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "एवढंच खातात ना?"

महानंदानं आप्पांकडं पाहिलं. आप्पा पायातल्या चपलेकडं बघत होते.

"होय, एवढंच," ती म्हणाली.

"मग गोळी वाढवावी लागंल," डॉक्टर म्हणाले आणि गोळी दुप्पट केली.

बाहेर आल्यावर तिला पेच पडला. आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. वाढवलेली गोळी त्या लपवलेल्या भाकरीच्या मापाची होती. भाकरी काढली तर गोळी जड होणार, आणि खरं सांगितलं तर आक्का घर डोक्यावर घेणार. तिनं तिसरीच वाट धरली. काहीच बदललं नाही. भाकरी राहिली, गोळी राहिली, साखर जरा खाली आली आणि वैजयंती खूश झाली. महानंदा मात्र रोज भाजी पसरताना दाराकडं बघायची.

देवगाव फाट्याला तिच्या भावाच्या लेकीचं बारसं निघालं. आप्पांना कोण बघणार म्हटल्यावर वैजयंती स्वतःच आली. "तू जा निवांत. मी हाय ना. माझ्यापेक्षा नीट कोण वाढणार आप्पाला?"

निघताना महानंदा उंबऱ्यात घुटमळली. "आक्का, भाकरी जरा..."

"मला शिकवायलीस व्हय?" वैजयंती हसून म्हणाली. महानंदानं पिशवी उचलली आणि बस धरली. एवढी लेचीपेची आपण कधी झालो, याची तिला वाटभर चीड येत राहिली.

बारशाला पाळण्याभोवती बायकांचा गलका चालला होता तेव्हा फोन वाजला.

"महानंदा, आप्पाला दरदरून घाम सुटलाय! हात थरथरायलेत, काहीतरी भलतंच बोलायलेत. साखर वाढली बघ. कारल्याचा रस काढायले मी, तेवढा पाजते."

महानंदाच्या हातातला पेढा खाली पडला. "आक्का, रस नका देऊ! साखर वाढली न्हाई, उतरलीय. गिळता येतंय का त्यांना?"

"येतंय. पण..."

"मग आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजा. आत्ताच्या आत्ता!"

"येडी झालीस का? साखरेच्या माणसाला साखर?"

गलका थांबला. सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. इतके दिवस गिळलेलं भरल्या घरासमोर बाहेर आलं.

"आक्का, मी रोज भाजीखाली भाकरी लपवत होते. भात दाबून भरत होते. गोळी त्याच्यावर वाढलीय. तुमी फोटोतलं ताट वाढलंत, म्हणून उतरली. माझ्या जिवाची आण, साखर पाजा!"

पलीकडं डबा उघडल्याचा आवाज आला.

ती घरी पोचली तोवर आप्पांना दवाखान्यातून आणलं होतं. तिथं पोचल्या पोचल्या मशीननं साखर पन्नासच्याही खाली दाखवली होती. पुन्हा साखरेचं पाणी पाजून थोड्या वेळानं मोजली तर ती वर सरकली, मग त्यांना दूधभाकरी चारली. अशा गोळीनं साखर पुन्हा उतरू शकते म्हणून डॉक्टरांनी बराच वेळ ठेवून घेतलं, गोळी परत कमी केली आणि जेवणाचं खरं माप विचारून नवं ताट ठरवलं. पूर्ण एक भाकरी, भात दोनच घास, वरण आणखी घट्ट, भाजी तेवढीच. वैजयंतीनं तिच्याकडं पाठ फिरवली. तिचा नवरा शिवप्रकाश दुकानातून आला, त्यानं बायकोकडं बघितलं आणि तो आत निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी महानंदानं ताट वाढलं. भाकरी उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. वैजयंती दारात उभी होती. फोटो कुणी काढला नाही.

आप्पांनी जेवायला सुरुवात केली आणि बोटानं भाजी हळूच बाजूला सारली. खाली ताटाचं स्टील दिसलं.

"आता खाली काही न्हाई, आप्पा," महानंदा म्हणाली.

"काल बी नव्हती," आप्पा म्हणाले. "पोटात कळलं मला, कमी पडलं म्हणून. पोरीकडं मागणार होतो."

"मग मागितली का न्हाई?" दारातून वैजयंतीनं विचारलं.

आप्पांनी घास गिळला आणि सुनेकडं हात केला. "मागितली असती, तर हिचं नाव निघालं असतं."

वैजयंतीनं पदर तोंडाला लावला. महानंदा तिथंच ताटासमोर मटकन बसली. आप्पा खाली मान घालून जेवत राहिले.