दुसऱ्या चुलीची पट्टी

महाराजांना गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, त्या सालची गोष्ट. कोल्हापूरच्या नगरपालिकेत मी घरपट्टीचा कारकून होतो आणि लोकांवर खेकसण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. लालबी मात्र खेकसूनही हलेना. एकटी विधवा, बिल पुढं धरून बसली होती.

"धा रुपये कशाचं वो, कारकूनदादा? भांडी उचलून न्हेनार म्हनत्यात."

मी बिलावर बोट ठेवून सांगितलं. अख्खं घर भाड्यानं दिलं तर महिन्याला पाच रुपये येतील, म्हणजे वर्षाचे साठ. दुरुस्तीपोटी दहावा हिस्सा वजा, राहिले चौपन्न. रुपयाला एक आणा या दरानं घरपट्टी तीन रुपये सहा आणे. सफाईपट्टी चुलीमागं बारा आणे, दोन चुलींचा दीड रुपया. झाले चार रुपये चौदा आणे. गेल्या साली नव्यानं पाहणी झाली, त्या सालचे तेवढेच थकलेले. वर नोटिशीचे चार आणे.

"दोन चुली? मी एकटीच हाय की!"

"पाहणीदारानं दोन्ही पेटलेल्या बघितल्या. दुसरी कुणाची?"

ती म्हणाली, "सुनेची. माझा ल्योक दिलदार आन् सून शमशाद मागच्या सोप्यात ऱ्हायची. दोन वर्सं झाली, इचलकरंजीला मागावर गेली. म्या रोज सारवून पेटवते. दोन ठिकानी धूर निघाला की शेजारनी इचारत्यात, सून आली व्हय?"

मला तिचा रागच आला. एवढ्यासाठी कुणी लाकडं जाळतं का? नियम मात्र सांगितला. रिकाम्या भागाची पट्टी सुटते, पण लेखी कळवल्या तारखेपासून. मागची थकबाकी सुटत नाही. या सालच्या उरलेल्या सहा महिन्यांचे एक रुपया साडेतीन आणे वजा होतील. पुढं दर सहामाहीला कळवत राहिलात तर बिल निम्मं येईल. मात्र पाहणीला चूल थंड दिसली पाहिजे.

बराच वेळ बिलाकडं बघून तिनं अर्जावर अंगठा उठवला. चांदीची पाटली मोडून उरलेले पैसेही भरले.

पंधरा दिवसांनी पाहणीदार तापानं पडला, म्हणून मीच गेलो. तिनं दुसरी चूल फोडून माती परसात टाकली होती. मागचा सोपा स्वच्छ झाडलेला, रिकामा. मी 'रिकामा' असं लिहिलं.

तिनं चहा पुढं केला. मी नको म्हणालो, तरी केला.

"आता कोन काय इचारत न्हाय," ती म्हणाली. मग कप उचलत म्हणाली, "दर सहा म्हयन्यांनी बघाय तुमीच येनार न्हवं?"

ते काम माझं नव्हतं.

"व्हय," म्हणालो मी.