दहा दिवसांचा उतार

बाबासो मगदूमांचा खोकला शाहूपुरीतल्या त्या अख्ख्या बोळाला पाठ झाला होता. दूधवाला यायच्या आधी पहिली ढास, मग आंघोळ झाल्यावर, मग ताटावर बसल्यावर, आणि अंथरुणाला पाठ टेकली की विचारूच नका. कफ म्हणावा तर टिपूस नाही. ताप नाही, सर्दी नाही. घशात नुसतं कणसाचे केस अडकल्यागत खवखवायचं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर माणूस खोकत बसायचा.

आणि माणूस तरी कोण, तर गुळाचा अडत्या. मार्केट यार्डात सौदा सुरू झाला की ज्याचा आवाज चार गाळे पलीकडं जायचा, तो आता बोली अर्ध्यावर सोडून छातीला हात लावायचा. लोक पाण्याचा तांब्या पुढं करायचे. बाबासोंना त्या तांब्याचाच राग यायचा.

त्यांच्या बायकोला, त्रिशलाकाकूंना, राग येत नव्हता. त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. थोरले दीर आदगोंडा असेच गेले होते. पहिल्यांदा आवाज बसला, मग खोकला. घरात सगळे म्हणाले, गुळण्या करा, हळद घ्या, जाईल. सहा महिने हळदीत घालवले आणि मिरजेला नेलं तेव्हा घशातली गाठ पार वाढून बसली होती. त्या सहा महिन्यांचं गरम पाणी त्रिशलाकाकूंनीच आपल्या हातानं तापवलं होतं. आता तेच पातेलं, तीच चूल नाही पण तेच हात, आणि समोर नवरा खोकतोय. बाईच्या जिवाचं काय होत असेल तुम्हीच सांगा.

तरी या खेपेला त्यांनी वेळ दवडला नाही. ज्येष्ठातच नवऱ्याला डॉक्टर विद्याश्रींकडं नेलं. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं. सगळं स्वच्छ. कुठलं औषध चालू आहे का, असंही डॉक्टरांनी विचारलं होतं. बाबासो छाती काढून म्हणाले, औषध कुठलं, घरचीच हळद. डॉक्टरांनी खोकल्याची बाटली दिली. बाटली अर्धी झाली, खोकला होता तिथंच. बाबासोंनी मनाशी ठरवून टाकलं, की दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं. आदगोंडाचंही आधी कुणाला दिसलं नव्हतं.

मग घरचे उपाय जोरात सुरू झाले, आणि त्यात शेजारच्या दानम्मा पडल्या. या बसलिंगाप्पांच्या बायको, माहेर चिकोडीकडचं, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्यांनी पहिल्याच दिवशी आल्याचा रस मधात कालवून वाटी आणली. त्रिशलाकाकूंनी वाटी नमस्कार करून परत दिली. जैनाच्या घरात जमिनीखालचं ओलं आलं चालत नाही आणि मध तर मुळीच नाही. सुंठ मात्र चालते, हळकुंड वाळलेलं म्हणून हळदही चालते. तेव्हा सुंठ, गूळ आणि दानम्मांच्या अंगणातली तुळस असा काढा ठरला. चातुर्मास लागला तशी पालेभाजीसारखी तुळसही बंद झाली, राहिली सुंठ. हळद घातलेलं दूध दिवस मावळायच्या आत, कारण मावळल्यावर बाबासोंच्या पोटात पाण्याचा थेंबही जात नाही. दानम्मा म्हणाल्या, ‘‘अक्का, तुमच्यात खोकलासुद्धा नेमधर्म पाळतोय की.’’

गंमत अशी, की काढा घेतला की बरं वाटायचं. अर्धा तास, कधी तास. घसा ओला व्हायचा, ढास मागं सरायची, बाबासो म्हणायचे, आज उतार हाय. त्या तासाभराच्या उतारावर त्रिशलाकाकू दिवस काढायच्या. रात्री परत पहिले पाढे पंचावन्न.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. बाबासो दरसालचे एकासनवाले, दिवसातून एकदाच जेवायचं, त्याच वेळी पाणी. या खेपेला त्यांनी आणखी एक नेम धरला. दहा दिवस औषधाचा त्याग. काढा नाही, दूध नाही, बाटली नाही, काहीच नाही. त्रिशलाकाकू वाद घालू लागल्या तर म्हणाले, ‘‘एवढं खाऊन तरी कुठं बरं झालंय? दहा दिवस शरीराला सोड की जरा.’’ आणि भिंतीतल्या देवळीतलं सगळं होतं नव्हतं ते कपाटात टाकून बस्तीत देवापुढं जाऊन बसले.

आणि खोकला उतरला. पाचव्या-सहाव्या दिवशी त्रिशलाकाकूंच्या लक्षात आलं, की प्रवचनात हे गप्प बसलेत. क्षमावाणीच्या दिवशी तर सगळ्या ओळखीच्यांना हात जोडून, मोठ्यानं क्षमा मागत फिरले आणि एकदाही अडखळले नाहीत. बस्तीत सगळे म्हणाले, पर्वाचा प्रताप. त्रिशलाकाकूंनीही मान्य केलं. आपल्याला काय, कुणाच्या का प्रतापानं होईना, माणूस बरा झाल्याशी कारण. त्या रात्री त्या बऱ्याच दिवसांनी गाढ झोपल्या.

पर्व सुटलं, बाबासोंचा नेम सुटला. नवरा पुन्हा आजारी पडू नये म्हणून त्रिशलाकाकूंनी काढा आणि दूध दोन्ही परत चालू केलं, अगदी मायेनं. आठवडा झाला नाही तोवर पहाटे पहिली ढास लागली. मग दुसरी. मग सगळं होतं तसंच.

बाबासो ताटावरून उठले ते सरळ बोलले, ‘‘हळद बंद हुती तवर मी बरा हुतो. तुझ्या हळदीनंच माझा घसा धरलाय.’’

असं बोलावं का माणसानं? चार महिने जी बाई पातेलं घेऊन मागं मागं फिरली, तिला? त्रिशलाकाकूंना रडू आलं नाही, संताप आला. त्यातही संतापाच्या खाली एक घाणेरडी शंका वळवळली, की खरंच आपल्याच हातानं होत असेल तर? आदगोंडांच्या वेळी आपल्या हातानं उशीर झाला, आता आपल्या हातानं आजार होत असेल तर? त्यांना ताट गोड लागेना. दानम्मा म्हणाल्या, हळद कुणाला बाधत नसते, उष्ण पडली तर ताक द्या. त्रिशलाकाकू म्हणाल्या, ‘‘न्हाय दानम्मा. आता माझं न्हाय आणि तुझंबी न्हाय. ह्यांच्या तोंडात जे जे जातंय ते समदं नेऊन डॉक्टरांच्या म्होरं मांडते. सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा.’’

आणि रागाच्या भरात त्यांनी कापडी पिशवी भरली. सुंठीचा डबा, हळदीची पुडी, गुळाचा खडा, अर्धी राहिलेली बाटली. तोंडात जे जे जातं ते म्हटल्यावर देवळीतली गोळ्यांची पट्टीही पडली आत. ती बाबासोंची प्रेशरची गोळी. पाडव्यानंतर ते बहिणीकडं बेळगावला गेले होते, तिथं चक्कर आली, तिथल्या डॉक्टरनं प्रेशर आहे म्हणून सांगून गोळी लिहून दिली, तेव्हापासून औषधाच्या दुकानातून आणायचे आणि सकाळी चहाबरोबर गिळायचे. गोळी म्हणजे औषध असं त्यांना वाटतच नव्हतं. शिवाय यार्डात प्रेशरचं कळलं तर लोक म्हातारा झाला म्हणतील, म्हणून कुठं बोलायचंही नाही. पर्वात तीही कपाटात गेली होती आणि पर्व सुटल्यावर तीही परत सुरू झाली होती. घरात ते कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

डॉक्टर विद्याश्रींनी टेबलावर मांडलेला तो बाजार शांतपणे बघितला. सुंठीचा वास घेतला, हळद बाजूला ठेवली आणि पट्टी उचलून उलटी करून वाचली. मग बाबासोंना विचारलं, ही केव्हापासून? खोकला केव्हापासून? मधे थांबवली होती का? त्रिशलाकाकूंनी पर्वाची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पट्टी टेबलावर वेगळी ठेवली.

‘‘काकू, दहा दिवस तुम्ही काढा, दूध, गोळी, सगळंच एकदम बंद केलंत आणि मग एकदम चालू केलंत. दोष दिला हळदीला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या जातीच्या प्रेशरच्या गोळीनं काही लोकांना असाच कोरडा खोकला येतो. सगळ्यांना नाही, पण येतो. मला वाटतं, हा गोळीचा खोकला आहे.’’

 मग डॉक्टरांनी बाबासोंना असं काही झापलं, की यार्डात कुणी झापलं नसेल. प्रेशरची गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, दहा दिवसांत काही झालं नाही हे नशीब. आणि कोणतं औषध चालू आहे विचारल्यावर सगळं सांगायचं असतं, चहाबरोबर घेतलं तरी ते औषधच. त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. बाकी काढा, दूध, जेवण, सगळं आहे तसं चालू ठेवायचं, काहीही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कळतं कुणामुळं काय झालं. खोकला जायला महिनाभरही लागेल, आणि गेलाच नाही तर पुन्हा मुळापासून तपासायचं.

त्रिशलाकाकूंनी उठता उठता विचारलं, की मग माझ्या काढ्यानं काहीच झालं नाही का. डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांना बरं वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, गरम काढ्यानं घसा ओला होतो, तेवढा वेळ आराम पडतो, हे खरंच आहे. सर्दीच्या खोकल्यात तेवढ्यावर भागतंही, कारण तो खोकला आपला आपणच जाणार असतो. हळद अंगात जाऊन नेमकं काय करते, किती करते, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही, मलाही नाही. पण गोळी रोज पोटात जात असताना तिचा खोकला हळदीनं कसा जाणार? ‘‘हळदीनं बिघडवलंही नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती शंका मात्र मनातून काढून टाका.’’

एवढं ऐकलं आणि त्रिशलाकाकूंचे डोळे भरून आले. रिक्षात बसल्यावर बाबासोंनी समोर बघत हात जोडले. क्षमावाणी होऊन गेली होती, पण हे हात आपल्यासाठी जोडलेत हे त्रिशलाकाकूंना न विचारता कळलं.

पहिला आठवडा काही फरक नाही. बाबासो म्हणू लागले, डॉक्टरांचंही चुकलं असेल. दुसऱ्या आठवड्यात ताटावरची ढास गेली. मग आंघोळीनंतरची. दानम्मांनी बोळात सांगून टाकलं, की हे सगळं आपल्या तुळशीचं काम, उशिरा लागू पडलं एवढंच. त्रिशलाकाकूंनी त्यांना समजावून बघितलं, मग सोडून दिलं.

आणि एका पहाटे त्रिशलाकाकू दचकून जाग्या झाल्या. घरात आवाज नव्हता. बाहेर दूधवाल्याच्या कॅनचा खडखडाट, पण घरात काही म्हणजे काही नाही. चार-पाच महिने त्या ढाशीवरच त्यांना जाग यायची. ती आली की नवरा आहे, हे कळायचं.  अंधारात चाचपत त्यांनी बाबासोंच्या छातीवर हात ठेवला. छाती सावकाश वर झाली, खाली गेली.

‘‘का गं?’’ बाबासो म्हणाले. तेही जागेच होते.

‘‘काय न्हाय. आवाज आला न्हाय म्हणून.’’

 मग बाबासो म्हणाले, ‘‘मला वाटलं हुतं, मी आदगोंडाच्या वाटंनं निघालोय. तुला बोललो न्हाय.’’

‘‘मलाबी तेच वाटत हुतं,’’ त्रिशलाकाकू म्हणाल्या. ‘‘मीबी बोलले न्हाय.’’

दूधवाल्यानं दारावर थाप मारली, दुसऱ्यांदा मारली. दोघांपैकी कुणीच लगेच उठलं नाही, आणि त्रिशलाकाकूंचा हात होता तिथंच राहिला.