विरोध नोंदवलेला नाही

कंपनी दवाखान्यांसाठी मोटरवर वरखाली होणाऱ्या खाटा बनवत असे, आणि खाटांपेक्षा कितीतरी जास्त मीटिंगा. दर बुधवारी सगळी डोकी एका लांब टेबलाभोवती जमत, मधोमध ठेवलेलं यंत्र सगळं बोलणं टिपून घेई आणि संध्याकाळपर्यंत त्याचा मजकूर तयार करून देई. कोण काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, कोण कुणाला तोडून बोललं, सगळं. तो मजकूर संपूर्ण वाचणारी व्यक्ती त्या इमारतीत एकच होती. तिला पाठीमागे सगळे खपली म्हणत, कारण बसलेली खपली काढायची तिला भारी हौस. तोंडावर अर्थात ताई.

खपली स्वतः मीटिंगला बसत नसे, तिच्यापर्यंत यायचा तो मजकूर. काम असं. मजकुरातून प्रत्येक सुटलेला प्रश्न उचलायचा आणि शीटमध्ये त्याला एक ओळ द्यायची. प्रश्न कुणी काढला, कुठल्या बुधवारी, पुढे पुन्हा कधी निघाला, कोण कुठल्या बाजूचं. मग दर आठवड्याला नव्या मजकुरात जुने प्रश्न शोधायचे. हे सोपं वाटतं. पण माणसं मीटिंगमध्ये प्रश्न सोडवत नाहीत, ती प्रश्नाला नवे कपडे घालून परत आणतात. ‘बघू’, ‘बोलून घेतो’, ‘तत्त्वतः मान्य’ या तीन शब्दांवर ती कंपनी चालली होती. कुणी ‘तत्त्वतः मान्य’ म्हणालं की खपली डोळे मिटून ‘मतभेद कायम’ असं लिहून टाकी, आणि ती कधी चुकत नसे.

तिचा स्वतःचा एक नियम होता. एखादी गोष्ट ठरल्यासारखी झाली, आणि पुढच्या दोन मीटिंगांत तिच्यावर कुणी हरकत घेतली नाही, की शेरा मारायचा: ‘विरोध नोंदवलेला नाही. बंद.’ मौन म्हणजे संमती. एवढ्या बडबड्या लोकांत जो गप्प बसतो त्याला मान्यच असणार, असा तिचा हिशेब.

आणि बंद करायची तिला घाई होती. खपली कंत्राटावर होती. दर तीन महिन्यांनी तिचं ओळखपत्र बंद पडायचं, मग ती दारात पाहुण्यासारखी उभी राहायची आणि सुरक्षारक्षक रोजच्या ओळखीचं हसून विचारायचा, ‘कुणाला भेटायचंय?’ सासूबाई तर शेजारणीला सांगत, ‘आमची सून वर्षातून चार वेळा नोकरीला लागते.’ हसत सांगत, पण ते खपलीला लागे. साहेबांनी आता शब्द दिला होता. नवी खाट बाजारात जायच्या आधीच्या बुधवारी पाटी कोरी दिसली, एकही प्रश्न उघडा राहिला नाही, तर गुरुवारी कायम नोकरीच्या पत्रावर सही.

सोमवारी पाटी कोरी झाली. खपलीने स्वतःला चहा बक्षीस दिला आणि कप घेऊनच खाली वर्कशॉपमध्ये नवी खाट बघायला गेली. इतके महिने जिच्याबद्दल वाचलं ती वस्तू तिने कधी पाहिलीच नव्हती. खाट होती देखणी. जाता जाता तिने मोकळ्या हाताने बाजूचा कठडा खाली करायला बघितला. हलेना. ओढला, दाबला, गुडघा लावला. चहा सांडला, कठडा जागचा हलला नाही.

‘एका हाताने नाही उघडायचा तो,’ फोरमनकाका म्हणाले. तीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस, बोलणंही तसंच. ‘एका हाताने वरचा खटका दाबायचा, दुसऱ्याने खालची खिट्टी ओढायची. दुसरा खटका मुद्दाम दिलाय.’

‘पण काका, एका हाताने उघडायचं ठरलंय.’

‘कुणाचं? दोन खटक्यांचं ठरलंय. तूच तर लिहिलंयस.’

खपलीने कप तिथेच ठेवला. तिच्या टेबलावर त्याच सकाळी माहितीपत्रकाचा नमुना येऊन पडला होता आणि त्यावर एक हसरी नर्स एका हाताने कठडा खाली करत होती.

ती वर गेली, दार लावलं आणि जुने सगळे बुधवार काढून बसली. विक्रीवाला, ज्याला सगळे मधाचं बोट म्हणत, पहिल्यापासून एकच धोशा लावून होता: नर्सला ‘एका हाताची सोय’ हवी. खपलीने त्याची ओळ केली होती. ज्या बुधवारी ती सोय ठरली, त्या बुधवारी काका मीटिंगमधून उठून गेले होते, खाली मशीन अडकलं म्हणून; वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या वहीत तशी नोंद होती. मजकुरात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं कसं असणार? गप्प बसलेला माणूस आणि खोलीत नसलेला माणूस, कागदावर दोघे सारखेच दिसतात.

पण पुढच्या दोन बुधवारी काका होते, आणि ते गप्पही नव्हते. ते तावातावाने बोलत होते, फक्त ‘खालच्या खिट्टी’बद्दल. काकांच्या तोंडात ‘सोय’ हा शब्द यायचा नाही, मधाच्या बोटाच्या तोंडात ‘खिट्टी’ यायची नाही. खपलीने खिट्टीला वेगळी ओळ दिली होती: ‘दुसरा खटका हवा का?’ त्या ओळीचा निर्णय झाला तेव्हा मधाचं बोट फोनवरून मीटिंगमध्ये होता; ‘गाडी चालवतोय, आवाज बंद ठेवतो’ एवढंच त्याचं वाक्य मजकुरात होतं. हजेरीत त्याचं नाव होतं. विरोध नोंदवलेला नाही. बंद.

म्हणजे भांडण एकच होतं. तिने त्याचे दोन तुकडे केले, दोन्ही बंद केले, आणि दोघांनाही जिंकवून घरी पाठवलं. दोघं गडी महिनाभर एकमेकांना हसून नमस्कार करत होते, दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने मोठ्या मनाने हार मान्य केली. खपलीला एक क्षण हसू आलं. मग तिला रडू आलं, आणि ते जास्त वेळ टिकलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी नवरा कांदा चिरत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘कुणाच्या लक्षात आलंय का अजून?’

‘नाही. काकांना वाटलं, माझाच काहीतरी गोंधळ झालाय.’

‘मग आधी सही होऊ दे. शुक्रवारी लक्षात येऊ दे तुझ्या.’

‘आणि तोवर पत्रकं छापून होतील.’

‘छापू देत की. पुढचं पुढे.’

सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाल्या, ‘त्या खाटेवर उद्या मी झोपणारेय रे बाबा. कठडा उघडला नाही तरी मीच मरणार, भलत्या वेळी उघडला तरी मीच. तू कांदा चीर.’

खपलीला दोघांचाही राग आला. नवऱ्याचा जास्त, कारण त्याचं म्हणणं तिला सोमवारपासून पटत होतं.

बुधवारच्या मीटिंगला शीट दाखवायला खपलीलाही बोलावलं होतं. साहेब प्रसन्न मुद्रेने आले. भिंतीवर शीट लागलं. ‘हं, पाटी कोरी ना?’

‘एक प्रश्न उघडा आहे, साहेब,’ खपली म्हणाली. ‘मी बंद केला होता. चुकून. आता परत उघडलाय.’

पडद्यावर एकच ओळ होती: ‘कठडा उघडायला एक हात की दोन?’ खाली दोन्ही निर्णय, तारखांसकट. मधाचं बोट आणि फोरमनकाका दोघांनी ती वाचली, आणि दोघांचे चेहरे एकाच वेळी उतरले.

‘दोन हात?’ मधाचं बोट किंचाळला. ‘काका, नर्सच्या दुसऱ्या हातात पेशंट असतो! तिने काय दातांनी खिट्टी ओढायची?’

‘आणि झोपेत म्हाताऱ्याचा हात लागून कठडा पडला, तर त्याला तू झेलणार आहेस का? माहितीपत्रक घेऊन?’

मग जे झालं त्याला मीटिंग म्हणणं कठीण होतं. महिनाभराचं भांडण एकदम बाहेर पडलं. खपली मात्र भराभर टाइप करत होती, कारण दोघंही पहिल्यांदाच एकाच गोष्टीबद्दल बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. ती मध्येच थांबवून विचारी, ‘काका, हे तुमचंच म्हणणं ना? असंच लिहू?’ काका मान डोलवत. ‘मान नको काका, तोंडाने सांगा. मान टिपली जात नाही.’

शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. दोन्ही तऱ्हेचे कठडे दवाखान्यात न्यायचे, नर्सना वापरायला द्यायचे, काका आणि मधाचं बोट दोघांनी मिळून जायचं, आणि तोवर छपाई बंद. तारीख पडली. प्रश्न उघडाच राहिला, पण आता त्याला मालक होते.

‘ज्याची भीती होती तेच,’ साहेब खपलीकडे वळले. ‘खाट लांबणीवर पडली. पाटी कोरी नाही. आता सहीचं तुम्हीच सांगा.’

 एरवी खपली गप्प बसली असती. इतकी वर्षं बसलीच होती. पण ती चिडली होती, स्वतःवर आणि साहेबांवर सारखीच.

‘चूक माझी आहे, साहेब. पण पाटी कोरी करायला तुम्ही सांगितलंत, म्हणून मी पुसत सुटले. पुसायचा पगार देऊन लिहिलेलं शाबूत कसं राहील?’

 तिने शीटमध्ये आणखी एक ओळ घातली आणि ती सगळ्यांसमोर भिंतीवर उमटली: ‘कंत्राटी समन्वयकाला कायम करायचं का?’ मग तिने जुन्या मजकुरातून उताऱ्यामागून उतारा चिकटवला. साहेब: ‘बघू.’ साहेब: ‘तत्त्वतः मान्य.’ साहेब: ‘बोलून घेतो.’

‘हा सगळ्यात जुना प्रश्न निघाला,’ ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. ‘मी याला कधी ओळच दिली नव्हती. विरोध कुणाचा आहे?’

मधाचं बोट आणि फोरमनकाका एकमेकांकडे बघून एकाच वेळी म्हणाले, ‘आमचा नाही.’ त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट होती.

साहेबांनी भिंतीवरचे उतारे एकेक करून वाचले. आपलंच ‘बघू’ एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी पूर्वी कधी वाचलं नव्हतं. मग त्यांनी मान डोलावली.

खपली कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली.

‘अहो, हो म्हणतोय,’ साहेब वैतागून म्हणाले. ‘उद्या सही करतो. लिहा.’

‘लिहिते,’ खपली म्हणाली, आणि सही होईपर्यंत तिने ती ओळ उघडीच ठेवली.