वर्णनाची पहिली ओळ

व्हिडिओ संध्याकाळी पाचला लागणार होता आणि सकाळी अकराला मैंदर्गीहून चंद्रव्वाचा फोन आला.

"अपेक्षा, तुजा घरघंटीचा व्हिडिओ आज येनार हाय की? आमच्या गटातल्या बाया वाट बगायल्यात. तू चांगली म्हनालीस की लगेच मागवनार."

अपेक्षा जुळे सोलापुरात राहायची. चार वर्षं ती यूट्यूबवर स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून दाखवत होती. चंद्रव्वा तिची जुनी प्रेक्षक. दोन वर्षांपूर्वी एका मिक्सरची चौकशी करायला तिने फोन केला होता, तेव्हापासून दोघींची ओळख. मैंदर्गीत चंद्रव्वाचा बारा बायकांचा बचत गट कडक भाकरी करून अक्कलकोटच्या दुकानांना द्यायचा.

"गटासाठी घेताय? रोज किती दळायचंय अक्का?"

"पंचवीस-तीस किलो. गावातल्या गिरनीत नंबर लागत न्हाय. म्हनून आमी ठरवलं, आपलीच आनू."

"व्हिडिओ बघितल्याशिवाय मागवू नका," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

ही घरघंटी, घरी दळायची छोटी चक्की, कंपनीने तीन आठवड्यांपूर्वी फुकट पाठवली होती, व्हिडिओचे पैसे वेगळे ठरले होते. घरच्या चार माणसांना यंत्र छान होतं. पण एकदा तिने लागोपाठ आठ किलो ज्वारी टाकली, तेव्हा अर्ध्या तासात मोटर तापून आपोआप बंद पडली. पीठ हाताला कढत लागलं, आणि त्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहिला नव्हता. भाकरी थापताना कडा फाटत होत्या. व्हिडिओत तिने तापण्याचं सांगितलं होतं, पण एकाच वाक्यात, शेवटी.

तिने लॅपटॉप उघडला. व्हिडिओखाली द्यायचं, कंपनीने लिहून दिलेलं वर्णन तिने कालच चिकटवलं होतं. पहिल्या ओळीत सवलतीची लिंक. मग 'घरासाठी आणि छोट्या व्यवसायासाठीही उत्तम'. मग पाककृती, इतर व्हिडिओंच्या लिंक आणि अगदी तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत इंग्रजीत 'कोलॅब', म्हणजे कंपनीसोबत मिळून केलेलं काम, असा एक शब्द. लिंक तिच्या नावाची होती, तिच्यावरून कुणी खरेदी केली की तिला कमिशन. ते तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिने मोबाइलवर आपलाच एक जुना व्हिडिओ लावला. नावाखाली वर्णनाची जेमतेम एक ओळ दिसली, बाकीचं 'आणखी'वर बोट टेकवल्यावर. चंद्रव्वा काय बोट टेकवणार होती?

ती खुर्चीतून उठली, गॅलरीत गेली, परत आली. कंपनीचं काम बघणाऱ्या पुण्याच्या जाहिरात एजन्सीतली रुद्राणी तिची संपर्काची व्यक्ती होती. अपेक्षाने तिला फोन लावला.

"रुद्राणी, मी वर्णन बदलतेय. पैसे घेतल्याचं पहिल्याच ओळीत लिहिणार आहे."

"ताई, क्लायंटने मंजूर केलंय ना ते! आणि खाली 'कोलॅब' आहेच की."

"तो शब्द कुणाला दिसतो? दिसला तरी कळतो का? माझ्या बघणाऱ्या बायका मराठी वाचतात. आणि व्यवसायाची ओळ मी काढतेय."

"ती नाही काढता येणार. त्यांना तीच हवीय."

"मग यंत्रासोबत आलेल्या त्यांच्याच पुस्तिकेचं सहावं पान बघ. 'फक्त घरगुती वापरासाठी. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नये.' फोटो पाठवतेय."

"विचारून सांगते," रुद्राणी म्हणाली.

विचारायला ती गेली आणि अपेक्षाची तगमग सुरू झाली. वर्णन तर तिने दहा मिनिटांत लिहिलं:

'ही जाहिरात आहे. या व्हिडिओसाठी कंपनीने मला पैसे दिलेत आणि ही घरघंटी मोफत दिली आहे. पहिल्या लिंकवरून घेतलीत तर मला कमिशनही मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत. दुसरी लिंक कंपनीच्या साइटची, तिच्यातून मला काही मिळत नाही. घरच्या दळणाला चांगली. गटासाठी, धंद्यासाठी घेऊ नका, सलग दळली की तापते.'

दोन्ही लिंकांच्या शेजारी तिने पुन्हा कंसात लिहिलं, कमिशनची आणि बिनकमिशनची. ती प्रत्येक लिंक उघडून बघत होती, बरोबर यंत्रावरच जाते ना.

पण वर्णन न उघडणाऱ्यांचं काय? व्हिडिओतही सांगायला हवं होतं. एकदा चढवलेला व्हिडिओ बदलता येत नाही, नव्याने चढवावा लागतो. तिने केस नीट केले, घरघंटीशेजारी उभी राहिली. "नमस्कार. आधी एक सांगते, ही जाहिरात आहे, कंपनीने मला याचे पैसे दिलेत." तिसऱ्या वेळी आवाज कापला नाही. हे वाक्य तिने सुरुवातीला जोडलं, पडद्यावर मराठीत 'जाहिरात' ही पट्टी टाकली, तापण्याचा भाग पुढे आणला. नवा व्हिडिओ चढवून त्याला यूट्यूबच्या 'सशुल्क जाहिरात' या चौकटीत खूण केली. जुन्याची पाचची वेळ रद्द केली.

साडेचारला नवरा, अमृत, कामावरून आला. तिने सगळं सांगितलं.

"पुढचं काम जाईल तुझं," तो म्हणाला.

"माहितेय."

"मग घाबरलीस कशाला?"

"कामाला नाही घाबरले. चंद्रव्वाअक्काला सांगायचंय."

पावणेसहाला रुद्राणीचा फोन आला. "ताई, पहिल्या ओळीवर काही म्हणता येणार नाही त्यांना. करारातच लिहिलंय, जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगायची जबाबदारी तुमची. पुस्तिकेचं पान दाखवल्यावर व्यवसायाचाही आग्रह सोडला. पण नाराज आहेत. पुढच्या, ओव्हनच्या व्हिडिओसाठी दुसरं कुणीतरी बघणार म्हणाले."

"बरं," अपेक्षा म्हणाली. सहाला व्हिडिओ लागला.

पंधरा मिनिटांत चंद्रव्वाचा फोन.

"बगितलं. म्हंजे गटाला न्हाय चालनार?"

"नाही अक्का. तुम्हाला गिरणीवाल्यांचं मोठं यंत्र लागेल, थ्री-फेज वीज लागेल. घरासाठी घेतली असती मी, गटासाठी नसती घेतली."

"बरं झालं सांगितलंस." मग ती थांबली. "तू पैसे घेतीस व्हय, अपेक्षा? आमाला वाटलं, तू घरच्यासाटी आनून दाकवतीस."

"घेते. सगळ्याचे नाही, पण घेते."

"मग त्यो मिक्सर? तुज्या लिंकवरनं घेतला की आमी."

"त्याचं कमिशन मिळालं मला. तेव्हा सांगितलं नव्हतं."

"मिक्सर चांगला चालतोय," चंद्रव्वा म्हणाली. "पन सांगायचं हुतंस." आणि तिने फोन ठेवला. रागाने नाही, पण नेहमीसारखं 'येऊन जा की एकदा' म्हणालीही नाही.

अपेक्षा मोबाइल हातात धरून तशीच बसून राहिली. व्हिडिओखाली पहिल्या प्रतिक्रिया यायला लागल्या होत्या. कुणीतरी लिहिलं होतं, 'पैसे घेऊन बोलते, विश्वास कसा ठेवायचा?' त्याखाली कुंभारीच्या एका बाईने विचारलं होतं, 'दोन किलोला किती वेळ लागतो?' तिने दोघांनाही उत्तर दिलं. पहिल्याला उत्तर लिहायला जास्त वेळ लागला.

मग तिने जुने व्हिडिओ उघडले. मिक्सरपासून सुरुवात केली. तिथे व्हिडिओ बदलता येणार नव्हता, पण वर्णन येत होतं. सवलतीची ओळ खाली सरकवून तिने वर लिहिलं, 'खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं.' तेच एका प्रतिक्रियेत लिहून ती सगळ्यात वर टाचली. अशा लिंका असलेले एकोणतीस व्हिडिओ निघाले, आणि त्यातल्या सहांचे कंपन्यांनी पैसेही दिले होते. त्या सहांवर तिने जाहिरातीची खूण केली. दोन दिवस त्यातच गेले.

आठवड्याने चंद्रव्वाचा निरोप आला. गटाने अक्कलकोटला जाऊन मोठं यंत्र बघितलं होतं, विजेच्या जोडणीसाठी अर्ज केला होता. निरोपात व्हिडिओचा उल्लेख नव्हता. खाली एवढंच होतं: 'विकत घ्यायच्या आदी तुला इचारीन. खरं सांगशील न्हवं?'

अपेक्षाने 'हो' लिहिलं, पुसलं, आणि फोनच लावला.