हात हुंगणारी सिस्टर

बोदलखेडीच्या सरकारी दवाखान्यात कमळा सिस्टरचं नाव फारसं कुणी घेत नसे. सगळे तिला 'हात हुंगणारी' म्हणत, अर्थात पाठीमागे. बाळंतिणींच्या वॉर्डात शिरायचं तर दाराशेजारच्या मोरीवर कार्बोलिक साबणानं हात घासायचे, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, थेट कोपरापर्यंत. वरून कुणीतरी तांब्यानं पाणी ओतायचं. मग स्वच्छ धुतलेल्या वेगळ्या फडक्याला हात पुसून ते सिस्टरच्या नाकाखाली धरायचे. साबणाचा उग्र वास आला तर आत, नाही आला तर परत मोरीवर.

डॉक्टर गुणवंतराव तसा भला माणूस, पण पाण्याचा आळशी.

"मी नुसती नाडी पाहून येतो, सिस्टर," असं म्हणत ते दारातून तिरपे सरकू बघत.

"नाडी काय डोळ्यानं पाहता, डॉक्टरसाहेब?" सिस्टर विचारी, आणि साहेब मुकाट्यानं बाह्या वर सारत.

फक्त एका बाईचे हात सिस्टरला कधी परत पाठवावे लागले नाहीत. ती म्हणजे दवाखान्याची दाई रुखमाबाई. ती देवपूजेला बसावं तसे हात धुई. सावली गावात कमळा जन्मली तेव्हा तिला पहिलं न्हाऊ घातलं ते याच रुखमाबाईनं, आणि सरकारी नोकरीत रुखमाबाई तिच्या हाताखाली आली तेही कमळेनंच भरीला घातलं म्हणून. रुखमाबाई तिला सिस्टर म्हणत नसे. चारचौघांत 'कमळे' म्हणे, आणि सिस्टरला त्याचं काही वाटत नसे.

वॉर्डाचं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथंच माशी शिंकली. वच्छला नावाच्या बाळंतिणीच्या मुलाच्या मानेच्या वळीत पुवानं भरलेले बारीक फोड दिसले. तान्ह्या बाळाला असा फोड म्हणजे खेळ नव्हे. एकाचे दहा होतात, ताप भरतो, आणि एका बाळाचं दुसऱ्याला जातं. सिस्टरनं तासाभरात वच्छलेला लेकरासकट टोकाच्या खोलीत हलवलं. त्या खोलीला वेगळं घमेलं, वेगळी दुपटी, ती उकळायचा डबाही वेगळा. दारामागच्या खुंटीवर एक झगा, तो आत घालायचा आणि आतच काढून ठेवायचा. आणि आधी सगळा वॉर्ड उरकायचा, त्या खोलीत सर्वांत शेवटी जायचं. फोडांना जांभळं औषध लावल्यामुळं वच्छलेचा मुलगा रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसू लागला. त्यावर वच्छला खुदकन हसली, आणि मग रडली.

एवढं करूनही दुसऱ्या एका बाळाला फोड आले. मग तिसऱ्याला.

नेमके तेव्हाच चांद्याहून सिव्हिल सर्जनसाहेब पाहणीला आले. रागावले नाहीत, हीच भीतीची गोष्ट होती. "सिस्टर," ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी परत येईन. एकाही बाळाच्या अंगावर नवा फोड दिसला तर वॉर्डाला कुलूप लावावं लागेल. बाळांना घरी पाठवणं यापेक्षा बरं."

त्या रात्री सिस्टरला घास गोड लागला नाही. हा वॉर्ड उघडल्यावर पहिलं वर्षभर जंगलातल्या गावांतून एकही बाई आली नव्हती. सिस्टर धानोऱ्याच्या वाटेनं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत पाड्यापाड्यांत फिरली, बायांच्या चुलीपाशी बसली, त्यांच्या हातची आंबील प्याली, तेव्हा कुठे एकेक येऊ लागली. आता कुलूप लागलं तर ही वाट पुन्हा गवतात बुजणार हे तिला दिसत होतं. आणि तिला फार वाईट वाटत होतं.

त्यातच बुधरी आली. तिची दोन बाळंतपणं घरी झाली होती आणि त्यातलं एकही लेकरू हाती लागलं नव्हतं. तिला मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज वाघिणीचा. बुधरी मराठी थोडकंच बोले, पण वॉर्डाची रीत तिनं पहिल्याच दिवशी उचलली. सिस्टर दिसली की ती आपणहून दोन्ही हात पुढं करी आणि म्हणे, "बाई, हुंग."

खाटा भरलेल्या. रिकामी होती ती फक्त दाराजवळची पहिली, नुकतीच घासून धुतलेली. बुधरीला ती मिळाली.

सिस्टर रोज सकाळी खिडकीच्या उजेडात एकेक बाळ उघडं करून बघे. मान, काखा, जांघा, बेंबी. नर्सांचे नि दाईचे हातही उलटेपालटे करून बघे, कुणाला नखुरडं, कुणाला गळू आहे का म्हणून. सगळ्यांचे हात कोरे करकरीत. दुसऱ्या सकाळी बुधरीच्या मुलीला झाकून ती उठली आणि दारातच थबकली. दुसरं फोडाचं बाळ कुठं होतं? पहिल्या खाटेवर. तिसरं? तेही पहिल्याच खाटेवर, आधीचं हलवल्यानंतर आलेलं. खाट तर तिनं स्वतः घासून घेतली होती, गादी उन्हात घातली होती. मग पहिल्या खाटेवर असं काय होत होतं जे इतरांवर होत नव्हतं?

तिनं स्टूल ओढलं आणि कोपऱ्यात बसली. आज हात हुंगायचे नाहीत, नुसतं बघायचं.

रुखमाबाई आली. मोरीवर हात घासले, पुसले, सवयीनं सिस्टरच्या नाकापुढं धरले.

"मावशी, तू चाल तुझ्या कामाले. मी बसून राह्यली," सिस्टर म्हणाली.

रुखमाबाईनं फळीवरून आपली पितळी वाटी काढली. मोहाच्या बियांच्या तेलाची ती वाटी सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. सासूनं सुनेला दिलेली. तिचा रिवाज असा की ती कधी कोरडी पडू द्यायची नाही, कधी घासायची नाही. तेल कमी झालं की वरून भर घालायची, म्हणजे एका लेकराचं आयुष्य दुसऱ्याला लागतं. रोज मालीश पहिल्या खाटेपासून सुरू होई आणि नेमाप्रमाणं टोकाच्या खोलीत, वच्छलेच्या लेकरापाशी संपे. मग हात स्वच्छ धुऊन रुखमाबाई वाटी फळीवर ठेवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली खाट.

रुखमाबाईनं वाटीत चार बोटं बुडवली. बुधरीनं मुलीला पहिल्याच मालीशीसाठी उघडं करून पुढं केलं. बोटांवरून तेल ओघळत होतं.

"थांब!"

सिस्टर अशी ओरडली की पलीकडं डॉक्टर गुणवंतराव घाईघाईनं मोरीवर हात धुऊ लागले.

"हात लावू नको पोरीले! मावशी, तुये हात धुतले, पन वाटीचं काय? काल हेच बोटं फोडाच्या लेकराले लागले, तेच वाटीत बुडले. तू हात धुतले नि वाटी तशीच ठेवली. सकाळी वरचं तेच तेल पह्यल्या खाटेले!"

रुखमाबाईनं वाटी पदराखाली घेतली.

"कमळे, या वाटीनं आजवर लेकराचं वाईट केलं नाई. तुये बी हातपाय याच तेलानं घट झाले. आज मोठी झाली तं वाटीवर उठली काऊन?"

खरंच होतं ते. एका घरी एकच लेकरू असतं तेव्हा वाटी त्याचीच असते. इथं एका छपराखाली आठ लेकरं होती, आणि त्यात तिघांना फोड.

"मावशी, चूक तुयी नाई, मायी हाय," ती खाली बसत म्हणाली. "मी हात हुंगत बसली. साबणाचा वास आला की मले वाटे काम झालं. हात कशाले लागले ते मी पाह्यलंच नाई. तुले त्या खोलीत मालीश करू बी मीच देल्लं."

रुखमाबाईनं बुधरीच्या मुलीकडं पाहिलं. ती पोटातली सगळी ताकद लावून रडत होती, तेल का थांबलं म्हणून.

"फेकणार नाई ना वाटी?"

"उकळवीन. फेकणार नाई. तुयी शपथ."

स्टोव्हवरच्या उकळत्या भांड्यात वाटी गेली तेव्हा रुखमाबाई पदर डोक्यावर घेऊन शेजारी उभी राहिली, घरचं माणूस पोचवायला आल्यासारखी. डॉक्टरांनी सांत्वनाचं काही बोलायला तोंड उघडलं, पण सिस्टरनं डोळे वटारल्यावर ते मिटलं.

पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या दवाखान्यात ढिगानं पडलेल्या. सिस्टरनं त्याही उकळल्या. तेल कडकडीत तापवून निववलं. ते आधी रुखमाबाईच्या वाटीत घ्यायचं आणि वाटीतून एकेका बाटलीत ओतायचं, म्हणजे रिवाजही राहिला आणि वाटीत बोटही गेलं नाही. प्रत्येक बाळाची बाटली वेगळी, तिच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. तेल तळहातावर ओतायचं, एका बाळाचं उरकलं की हात धुवायचे, मगच दुसरं. फोडाच्या बाळांना फोड सुकेपर्यंत मालीश बंद.

"वाटीचा आशीर्वाद पोचते ना असा?" रुखमाबाईनं शंका काढली.

"दोऱ्यासकट पोचते," सिस्टर म्हणाली.

शनिवारी साहेबांची जीप आली. मागं शिपाई, त्याच्या हातात भलंमोठं पितळी कुलूप. आठवडाभर रोज सकाळी तिनं प्रत्येक वळी पाहिली होती. पण आज सकाळपासून दुपारपर्यंत काय उगवलं असेल कुणी सांगावं?

साहेबांनी मोरीवर हात धुतले आणि थेट पहिल्या खाटेकडं वळले. बुधरीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. साहेबांनी हात पुढं केला, तोच मधे रुखमाबाई आडवी आली.

"साहेब, हात हुंगू द्या."

शिपायाच्या हातून कुलूप निसटता निसटता राहिलं. साहेबांनी सिस्टरकडं पाहिलं. सिस्टर जमिनीकडं पाहू लागली. शेवटी साहेबांनी हात पुढं केले. रुखमाबाईनं नाक लावलं.

"वास तं हाय," ती म्हणाली. साहेब पुढं सरकले, पण ती जागची हलली नाही. "पन वासावर आमचं आता भागत नाई. हे आंगठी काऊन हाय बोटात? आंगठीच्या खाली साबण गेला काय? मी मायी सासूची वाटी उकळवली, साहेब. तुमची आंगठी काही मोठी नाई."

डॉक्टर गुणवंतरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी अंगठी ओढून काढली, मोरीवर गेले आणि पुन्हा हात घासले, कोपरापर्यंत. परत येऊन त्यांनी बुधरीच्या मुलीची मान पाहिली, काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. मग एकेक करत सगळी बाळं. टोकाच्या खोलीत झगा घालून गेले, तिथले फोड सुकून खपल्या धरू लागले होते.

"नवा एकही नाही," साहेब बाहेर येऊन म्हणाले. "सिस्टर, तुम्ही बदलीवर गेलात तर इथं हात कोण पाहील अशी मला काळजी होती. आता नाही."

त्यांनी शिपायाला कुलूप जीपमध्ये ठेवायला सांगितलं. सिस्टर पदरानं डोळे पुसायला गेली, पण रुखमाबाईनं तिचं मनगट धरलं.

"डोळे पुसले त्या हातानं लेकराले शिवशील? जाय, पह्यले मोरीवर जाय."

आणि हात हुंगणारी सिस्टर मुकाट्यानं मोरीवर गेली. तांब्यानं पाणी ओतायला साहेब उभे होते.